एचआयव्ही चाचण्या आणि गवाक्ष काळ

एचआयव्ही चाचण्या म्हणजे मानवी प्रतिकारक्षमता ऱ्हास विषाणूची (एचआयव्ही) लागण झाली आहे का, हे ठरवण्यासाठी रक्तावर किंवा अन्य शारीरिक द्रवावर केल्या जाणाऱ्या प्रयोगशालेय तपासण्या होत. त्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. प्रतिपिंड चाचणी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने शोधते. प्रतिजन चाचणी विषाणूचे स्वतःचे प्रथिन शोधते. विषाणुभार चाचणी विषाणूचे जनुकीय द्रव्य मोजते. प्रतिपिंडाला अँटिबॉडी, प्रतिजनाला अँटिजेन आणि विषाणुभाराला व्हायरल लोड असेही म्हटले जाते.

लागण झाल्याच्या दिवसापासून ती एखाद्या चाचणीत दिसू लागेपर्यंतच्या मधल्या अवधीस त्या चाचणीचा गवाक्ष काळ किंवा विंडो पिरियड म्हणतात. या अवधीत व्यक्तीच्या शरीरात विषाणू असतो आणि तिच्यापासून दुसऱ्याला लागणही होऊ शकते, परंतु चाचणीचा निकाल निगेटिव्ह येतो. गवाक्ष काळ हा रोगाचा गुणधर्म नसून चाचणीचा गुणधर्म आहे. त्यामुळे एकाच व्यक्तीसाठी, एकाच दिवशी, निरनिराळ्या चाचण्यांचा गवाक्ष काळ संपलेला किंवा चालू असू शकतो. कोणती चाचणी निवडावी हा प्रश्न म्हणूनच बहुधा ‘संभाव्य संपर्काला किती दिवस झाले?’ या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

## लागणीनंतर रक्तात होणारे बदल

लैंगिक संबंधातून विषाणू शरीरात शिरल्यानंतर तो आरंभी प्रवेशाच्या जागेवरील ऊतींत व जवळच्या लसीका ग्रंथींत वाढतो. या काळात रक्तात त्याचे प्रमाण इतके अल्प असते की आज उपलब्ध असलेली कोणतीही चाचणी त्याला पकडू शकत नाही. हा अवधी सर्वसाधारणपणे दहा दिवसांचा असतो आणि त्याला ग्रहण अवस्था म्हणतात. संपर्कानंतर दुसऱ्या किंवा पाचव्या दिवशी केलेली चाचणी, ती कितीही महाग असली तरी, त्या संपर्काविषयी काहीही सांगू शकत नाही, याचे कारण ही अवस्था होय.

यानंतर विषाणू रक्तात उतरतो आणि झपाट्याने वाढू लागतो. त्याची संख्या साधारणतः एका दिवसात दुपटीहून अधिक होते. सर्वप्रथम रक्तद्रवात विषाणूचे आरएनए सापडू लागते. त्यानंतर सुमारे पाच ते सात दिवसांनी पी२४ हे प्रथिन मोजण्याजोगे होते. पी२४ हे विषाणूच्या आतील शंकूच्या आकाराच्या कवचाचे प्रथिन आहे. एका विषाणूकणात आरएनएच्या दोनच प्रती असतात, तर पी२४ चे रेणू हजाराहून अधिक असतात. तरीही आरएनए आधी सापडते. आरएनए चाचणीत जनुकीय द्रव्याच्या प्रती प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या कोट्यवधी पटींनी वाढवता येतात, प्रथिनाच्या बाबतीत अशी सोय नाही. म्हणून रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये विषाणूच्या दहा हजारांच्या आसपास प्रती जमल्यानंतरच पी२४ चाचणीत उमटते.

तिसऱ्या ते चौथ्या आठवड्यात प्रतिकारसंस्था जागी होते आणि प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. आधी आयजीएम आणि मागोमाग आयजीजी या वर्गाची प्रतिपिंडे रक्तात येतात. प्रतिपिंडे पी२४ ला चिकटून त्याची गुंफण तयार करतात आणि मोकळे पी२४ कमी होत जाते. त्यामुळे पी२४ प्रतिजन काही आठवडेच दिसते व नंतर चाचणीतून नाहीसे होते. प्रतिपिंडे मात्र बहुतेकांच्या रक्तात आयुष्यभर राहतात.

आरएनए, पी२४ आणि प्रतिपिंडे या तीन खुणांचा हा क्रम ठरलेला आहे. त्याच्याच आधारे लागणीच्या आरंभीच्या काळाचे सहा टप्पे पाडले जातात व त्यांना फिबिग टप्पे म्हणतात. पहिल्या टप्प्यात केवळ आरएनए सापडते, दुसऱ्यात त्याच्या जोडीला पी२४ येते आणि तिसऱ्यात प्रतिपिंड चाचणी प्रथमच पॉझिटिव्ह होते. पहिले दोन टप्पे प्रत्येकी सुमारे पाच दिवसांचे असतात.

## चाचण्यांचे प्रकार

### प्रतिपिंड चाचणी

एचआयव्हीची पहिली प्रतिपिंड चाचणी अमेरिकेत १९८५ साली मान्यता पावली. तिचा उद्देश मुख्यतः रक्तपेढ्यांतील रक्त तपासणे हा होता. त्या चाचण्यांत पेशींवर वाढवलेल्या विषाणूचा अर्क प्रतिजन म्हणून वापरला जाई आणि केवळ आयजीजी प्रतिपिंडे ओळखली जात. त्यामुळे गवाक्ष काळ दीड-दोन महिन्यांहून मोठा असे आणि चुकीचे पॉझिटिव्ह निकालही बरेच येत. पुढे कृत्रिम प्रथिने वापरणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या चाचण्या आल्या. त्यानंतर आयजीएम व आयजीजी ही दोन्ही प्रतिपिंडे पकडणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या चाचण्या आल्या.

प्रयोगशाळेतील एलायझा, तसेच बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबभर रक्तावर अर्ध्या तासाच्या आत निकाल देणाऱ्या जलद चाचण्या या गटात येतात. जलद चाचणीच्या पट्टीवर नियंत्रण रेषा आणि चाचणी रेषा अशा दोन जागा असतात. नियंत्रण रेषा उमटली नाही, तर चाचणी रेषेचे काहीही झाले तरी तो निकाल अवैध ठरतो आणि नव्या किटवर चाचणी पुन्हा करावी लागते. लाळेवर किंवा हिरड्यांवरील द्रवावर केल्या जाणाऱ्या चाचण्याही प्रतिपिंडच शोधतात. तोंडातील द्रवात प्रतिपिंडांचे प्रमाण रक्तापेक्षा पुष्कळ कमी असल्याने त्यांचा गवाक्ष काळ अधिक लांबतो.

### प्रतिजन-प्रतिपिंड संयुक्त चाचणी

केवळ पी२४ प्रतिजन शोधणारी स्वतंत्र चाचणी आता निदानासाठी क्वचितच वापरली जाते, कारण पी२४ थोडाच काळ रक्तात दिसते. त्याऐवजी पी२४ आणि प्रतिपिंडे यांचा एकत्र शोध घेणारी संयुक्त चाचणी वापरतात. हिलाच चौथ्या पिढीची चाचणी किंवा कॉम्बो चाचणी म्हणतात. पी२४ नाहीसे होत असताना प्रतिपिंडे त्याची जागा घेतात, त्यामुळे या चाचणीत लागण एकदा दिसू लागली की सहसा दिसतच राहते. पी२४ ओसरले आहे आणि प्रतिपिंडे अजून पुरेशी नाहीत, अशा थोड्या दिवसांत ही चाचणीही निगेटिव्ह येऊ शकते, परंतु तसे क्वचित घडते.

प्रयोगशाळेतील यंत्रावर शिरेतून काढलेल्या रक्तावर केलेली संयुक्त चाचणी आणि बोटाच्या रक्तावरील जलद संयुक्त चाचणी यांत फरक आहे. पट्टीवरील चाचणीची पी२४ ओळखण्याची क्षमता यंत्रापेक्षा कमी असते. म्हणून अहवालात केवळ ‘चौथी पिढी’ असे लिहिले असल्यास चाचणी कशावर व कोठे केली, हे पाहणे आवश्यक ठरते.

### विषाणुभार चाचणी

ही चाचणी एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या आरएनएच्या किती प्रती आहेत, ते मोजते. लागण सर्वांत आधी याच चाचणीत दिसते. असे असूनही निदानाची पहिली चाचणी म्हणून ती वापरली जात नाही. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की विषाणुभार शून्यवत असणे म्हणजे लागण नसणे नव्हे. एआरटी ही विषाणुरोधक औषधे नियमित घेणाऱ्या व्यक्तीत विषाणुभार मोजता न येण्याइतका खाली जातो. अत्यल्प व्यक्तींमध्ये औषधाविनाही तो तसाच राहतो. या सर्वांची प्रतिपिंड चाचणी मात्र पॉझिटिव्हच असते. दुसरे कारण असे की ही चाचणी अतिशय संवेदनशील असल्याने नमुन्यांच्या किरकोळ सरमिसळीमुळे लागण नसलेल्या व्यक्तीतही तुरळक प्रती दाखवल्या जाऊ शकतात. ताज्या लागणीत विषाणुभार सहसा लाखांच्या घरात असतो. त्यामुळे निगेटिव्ह प्रतिपिंडांसोबत काहीशे प्रतींचाच आकडा आला, तर निदान न करता नवा नमुना तपासला जातो. तिसरे कारण खर्च, यंत्रसामग्री आणि निकालाला लागणारा वेळ हे होय.

विषाणुभार चाचणीचे मुख्य कार्य उपचारांवर देखरेख ठेवणे हे आहे. भारतातील एआरटी केंद्रांत उपचार सुरू झाल्यावर सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी ती करतात. विषाणुभार एक हजार प्रतींच्या खाली असल्यास विषाणू दबला आहे असे मानले जाते. तो त्याहून अधिक आल्यास औषधे नियमित घेतली जातात का याची चौकशी व समुपदेशन करून सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात.

## गवाक्ष काळाचे दिवस

गवाक्ष काळ एका निश्चित आकड्यात सांगता येत नाही, कारण व्यक्तीव्यक्तीत फरक असतो. म्हणून दोन टोके दिली जातात. लागण लवकरात लवकर केव्हा दिसू शकते हे पहिले टोक, आणि जवळजवळ सर्व लागण झालेल्यांत ती दिसलेली असते तो दिवस हे दुसरे टोक. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने दिलेले दिवस खालीलप्रमाणे आहेत. ते संभाव्य संपर्काच्या दिवसापासून मोजायचे आहेत.

| चाचणी | लागण दिसू लागण्याचा दिवस | जवळजवळ सर्वांत दिसण्याचा दिवस |
|---|---|---|
| आरएनए चाचणी | १० | ३३ |
| प्रयोगशाळेतील संयुक्त चाचणी, शिरेतील रक्त | १८ | ४५ |
| जलद संयुक्त चाचणी, बोटातील रक्त | १८ | ९० |
| केवळ प्रतिपिंड चाचणी | २३ | ९० |

या सारणीचा अर्थ लावताना होणारी नेहमीची चूक म्हणजे पहिल्या स्तंभातील दिवसाला चाचणी करून निगेटिव्ह निकालावर विसंबणे. प्रयोगशाळेतील संयुक्त चाचणी लागण झालेल्या सुमारे निम्म्या व्यक्तींत अठराव्या दिवसापर्यंत पॉझिटिव्ह होते. याचा अर्थ त्या दिवशी उरलेल्या निम्म्या व्यक्तींत ती निगेटिव्हच असते. पंचेचाळिसाव्या दिवशी मात्र शंभरांतील नव्याण्णव जणांत ती पॉझिटिव्ह झालेली असते. म्हणून पहिल्या स्तंभातील दिवसानंतर आलेला पॉझिटिव्ह निकाल पुढील तपासास पात्र ठरतो, परंतु निगेटिव्ह निकालावर भिस्त ठेवण्यासाठी दुसऱ्या स्तंभातील दिवस उलटलेला असावा लागतो.

संपर्क एकापेक्षा अधिक वेळा झाला असल्यास दिवस शेवटच्या संपर्कापासून मोजतात. मधल्या काळात पुन्हा जोखमीचा संपर्क आल्यास मोजणी नव्याने सुरू होते.

### औषधांमुळे लांबणारा गवाक्ष काळ

संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घेण्याच्या प्रतिबंधक औषधांना पेप म्हणतात. ही औषधे विषाणूची वाढ रोखतात. ती पूर्णपणे यशस्वी झाली नाहीत, तर लागण दबलेल्या अवस्थेत राहू शकते आणि खुणा उशिरा उमटतात. त्यामुळे पेप घेतलेल्या व्यक्तीसाठी वरील दिवस संपर्काच्या नव्हे, तर औषध संपल्याच्या दिवसापासून मोजणे सुरक्षित असते. संपर्कापूर्वीपासून घेतल्या जाणाऱ्या प्रेप औषधांच्या, विशेषतः दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांच्या बाबतीतही विषाणुभार अल्प राहून प्रतिपिंडे उशिरा येण्याची शक्यता असते. अशा वेळी चाचणी करणाऱ्यास औषधांची माहिती देणे आवश्यक असते.

## एक उदाहरण

निवडीची ही रीत पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होते. सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाचा १ फेब्रुवारी रोजी निरोधाविना लैंगिक संबंध आला. त्यापूर्वी वर्षभर त्याचा जोखमीचा संपर्क नव्हता. नंतरही आला नाही. पेप सुरू करण्याची ७२ तासांची मुदत त्याला ठाऊक नसल्याने निघून गेली.

१० फेब्रुवारीला, म्हणजे नवव्या दिवशी, त्याने एका खासगी प्रयोगशाळेत प्रतिपिंड चाचणी केली. निकाल निगेटिव्ह आला. या निकालावरून एवढेच कळते की १ फेब्रुवारीपूर्वी बऱ्याच आधीपासून त्याला लागण नव्हती. त्या दिवशीच्या संबंधाविषयी हा निकाल मौन आहे, कारण नवव्या दिवशी प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. अशी आरंभीची चाचणी निरुपयोगी नसते. पुढे निकाल बदलल्यास लागण केव्हा झाली हे ठरवण्यासाठी ती आधाररेषा म्हणून कामी येते.

१८ फेब्रुवारीला त्याला ताप आला, घसा दुखू लागला, मानेच्या गाठी सुजल्या आणि छातीवर बारीक पुरळ उठले. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी पुष्कळांना असा आजार होतो, परंतु तो फ्लू, डेंग्यू किंवा इतर विषाणूजन्य तापाहून वेगळा ओळखता येत नाही. २२ फेब्रुवारीला, एकविसाव्या दिवशी, त्याची जलद प्रतिपिंड चाचणी पुन्हा निगेटिव्ह आली. सारणीनुसार ही चाचणी तेविसाव्या दिवसाच्या आधी दिसू लागणे अपेक्षितच नाही. नेमका संपर्क आणि आजार यांचा मेळ पाहून डॉक्टरांनी त्याच दिवशी शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेतील संयुक्त चाचणी सांगितली. ती रिॲक्टिव्ह आली.

आता दोन शक्यता उरतात. एक, रक्तात पी२४ आहे आणि प्रतिपिंडे यायची आहेत, म्हणजे लागण ताजी आहे. दोन, संयुक्त चाचणीचा निकाल चुकीचा आहे. या दोहोंतला निवाडा विषाणुभार चाचणी करते, आणि निदानासाठी तिचा खरा उपयोग होतो तो याच प्रसंगी. विषाणुभार बारा लाख प्रती आल्यास ताजी लागण निश्चित मानली जाते. तो अजिबात न सापडल्यास संयुक्त चाचणी चुकली असे समजून काही आठवड्यांनी फेरतपासणी केली जाते. या उदाहरणातील तरुणात पहिली शक्यता खरी ठरली. ताज्या लागणीत विषाणुभार सर्वाधिक असल्याने इतरांना लागण होण्याची शक्यताही याच आठवड्यांत फार मोठी असते. प्रतिपिंड चाचणीच्या निगेटिव्ह अहवालावर विसंबून तो राहिला असता, तर धोका नेमका याच काळात वाढला असता.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. याच तरुणाला लागण झालेली नसती आणि त्याने १८ मार्चनंतर, म्हणजे पंचेचाळीस दिवस उलटल्यावर, प्रयोगशाळेतील संयुक्त चाचणी केली असती, तर तिच्या निगेटिव्ह निकालाने त्या संपर्काचा प्रश्न निकाली निघाला असता. जिथे केवळ जलद प्रतिपिंड चाचणी उपलब्ध आहे, तिथे हीच खात्री मिळण्यासाठी २ मे, म्हणजे नव्वदावा दिवस, यावा लागला असता. त्यानंतर दर महिन्याला चाचण्या करत राहिल्याने खात्रीत भर पडत नाही.

## पॉझिटिव्ह निकालाची पडताळणी

एका चाचणीच्या पॉझिटिव्ह निकालावरून एचआयव्हीचे निदान केले जात नाही. याचे कारण गणितात आहे. भारतात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. एक लाख प्रौढांची चाचणी केली, तर त्यांत साधारण २०० जण लागण झालेले असतील. चाचणी या सर्वांना ओळखते आणि लागण नसलेल्यांपैकी ९९.५ टक्के जणांना अचूकपणे निगेटिव्ह ठरवते, असे धरू. उरलेल्या ९९,८०० जणांपैकी अर्धा टक्का, म्हणजे ४९९ जण, चुकीने पॉझिटिव्ह ठरतील. एकूण ६९९ पॉझिटिव्ह निकालांपैकी खरे केवळ २०० असतील. चाचणी इतकी अचूक असूनही तिचा एकटा पॉझिटिव्ह निकाल दहापैकी सात वेळा चुकीचा ठरतो. या ६९९ जणांवर वेगळ्या तत्त्वावर चालणारी, तितकीच अचूक दुसरी चाचणी केली, तर चुकीचे निकाल दोन-तीनच उरतात. तिसरी चाचणी तेही जवळपास संपवते.

भारतातील राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजेच नॅकोने, आखलेली पद्धत या गणितावर आधारलेली आहे. शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, म्हणजे आयसीटीसीमध्ये, लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान तीन वेगवेगळ्या किटवरून करतात. या तीन किटमधील प्रतिजने किंवा चाचणीची तत्त्वे भिन्न असतात. पहिले किट सर्वांत संवेदनशील असते. ते निगेटिव्ह आल्यास तोच निकाल दिला जातो. ते रिॲक्टिव्ह आल्यास दुसऱ्या व तिसऱ्या किटवर चाचणी होते आणि तिन्ही रिॲक्टिव्ह असतील तरच अहवाल पॉझिटिव्ह दिला जातो. तीनपैकी दोनच रिॲक्टिव्ह आल्यास निकाल अनिश्चित मानून दोन ते चार आठवड्यांनी नवा नमुना घेतात. ताज्या लागणीत तेवढ्या अवधीत प्रतिपिंडे वाढून तिन्ही किट रिॲक्टिव्ह होतात. लागण नसल्यास चित्र बदलत नाही किंवा निवळते. अनिश्चित निकाल हा म्हणूनच निम्मा पॉझिटिव्ह नव्हे. तो गवाक्ष काळाच्या शेवटच्या टोकावर असण्याची किंवा नसण्याची सूचना आहे.

तीन किटची ही पद्धत चुकीचे पॉझिटिव्ह निकाल गाळते. गवाक्ष काळातील चुकीचा निगेटिव्ह निकाल मात्र ती सुधारू शकत नाही, कारण पहिलेच किट निगेटिव्ह आल्यावर पुढील चाचण्या होत नाहीत. या केंद्रांतील जलद चाचण्या बहुतांशी प्रतिपिंडे शोधणाऱ्या असल्याने, नुकताच जोखमीचा संपर्क आलेल्या व्यक्तीस समुपदेशक तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ नुसार चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती घेणे आणि निकाल गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. शासकीय केंद्रांत चाचणी विनामूल्य होते. जवळच्या केंद्राची माहिती नॅकोच्या १०९७ या विनाशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मिळते.

## विशेष परिस्थिती

### नवजात बालके

एचआयव्हीसह जगणाऱ्या मातेची प्रतिपिंडे वारेतून गर्भात जातात आणि बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे या वयातील बाळाची प्रतिपिंड चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी ती मातेच्या लागणीची खूण असू शकते. येथे प्रश्न गवाक्ष काळाच्या उलट आहे, म्हणजे खूण आहे परंतु लागण असेलच असे नाही. म्हणून बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब विशेष कागदावर वाळवून त्यांवर विषाणूच्या न्यूक्लिइक आम्लाची चाचणी करतात. भारतात पहिली चाचणी सहा आठवड्यांच्या वयात होते. स्तनपान चालू असेपर्यंत नवी लागण संभवत असल्याने ती पुढेही ठरावीक टप्प्यांवर केली जाते. अठरा महिन्यांनंतर प्रतिपिंड चाचणीने अंतिम निदान होते.

### एचआयव्ही-२

एचआयव्हीचे एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ असे दोन प्रकार आहेत. एचआयव्ही-२ मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत आढळतो, परंतु भारतातही, विशेषतः मुंबईसह पश्चिम व दक्षिण भागांत, त्याचे रुग्ण सापडले आहेत. प्रतिपिंड चाचण्या सहसा दोन्ही प्रकार ओळखतात. नेहमीची विषाणुभार चाचणी आणि पी२४ चाचणी मात्र एचआयव्ही-१ साठी रचलेल्या असतात. म्हणून प्रतिपिंड चाचण्या स्पष्टपणे पॉझिटिव्ह असून औषधे सुरू होण्यापूर्वीच विषाणुभार ‘आढळला नाही’ असा आल्यास एचआयव्ही-२ ची शक्यता तपासली जाते. दोन्ही प्रकारांची काही औषधे भिन्न असल्यामुळे हा फरक उपचारांच्या दृष्टीने निर्णायक असतो.

### रक्तदान

गवाक्ष काळातील व्यक्तीने दिलेले रक्त चाचणीत निर्दोष ठरूनही त्यातून लागण होऊ शकते. काही रक्तपेढ्या प्रतिपिंड वा संयुक्त चाचणीच्या जोडीला नॅट ही न्यूक्लिइक आम्ल चाचणी करतात. तिने हा काळ दहा-बारा दिवसांपर्यंत आखडतो, परंतु ग्रहण अवस्थेमुळे शून्यावर येत नाही. केवळ स्वतःची चाचणी करून घेण्याच्या हेतूने रक्तदान करू नये, असे दात्यांना सांगितले जाते ते याच कारणाने.

## हे सुद्धा पहा

* एड्स
* प्रतिपिंड
* एलायझा
* राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना